*जुना ट्रॅक्टर : जाहिरात वाचा, मगच गाडीभाडं खर्च करा*



गाळप हंगाम संपला की मोबाईलवर जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातींची गर्दी होते. त्यातल्या पाच-सहा आवडतात, आणि मग मेकॅनिकला सोबत घेऊन शंभर-दीडशे किलोमीटर जाणं सुरू होतं. गाडीचं डिझेल, मेकॅनिकची हजेरी आणि शेतातला एक दिवस एवढं सगळं प्रत्येक फेरीला जातं. यातल्या बऱ्याच फेऱ्या घरबसल्या वाचू शकतात, कारण ट्रॅक्टरची अर्धी हकीकत जाहिरातीतच असते. ती तीन ठिकाणी शोधायची: लिहिलेल्या शब्दांत, फोटोंत, आणि जे लिहिलंच नाही, दाखवलंच नाही त्यात.

समजायला सोपं जावं म्हणून खाली नमुन्याची एक जाहिरात तयार केली आहे. अशी जाहिरात तुम्ही नक्की पाहिली असेल.

*"विकणे आहे. 2018 मॉडेल, 45 एचपी. फक्त घरच्या शेतीसाठी वापर. 1,850 तास. टायर 80 टक्के. इंजिनचं काम नुकतंच केलं आहे. पेपर क्लिअर होतील. किंमत 3 लाख 60 हजार, थोडंफार कमी-जास्त. घेणाऱ्यांनीच फोन करावा."*

सोबत सहा फोटो आहेत: समोरून एक, उजव्या बाजूने दोन, मागून एक, सीट आणि डॅशबोर्डचा एक, आणि मागच्या एका टायरचा एक. नंबर प्लेटवर बोट ठेवलंय. जाहिरात 2025 च्या मे महिन्यातली आहे असं धरू.

*1) आधी शब्द वाचा*

"पेपर क्लिअर *होतील*." इथे सगळ्यात आधी थांबा. "क्लिअर आहेत" आणि "क्लिअर होतील" यात मोठा फरक आहे. "होतील" म्हणजे आज नाहीत. कारणं बहुतेक तीनपैकी एक असतं. एक, ट्रॅक्टरवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे. दोन, विकणाऱ्याने स्वतःच तो नावावर करून घेतलेला नाही, आरसी बुकावर आधीच्याच मालकाचं नाव आहे. तीन, मूळ मालक वारले आहेत आणि वारसांनी नाव लावलेलं नाही.

यातलं कुठलंच कारण म्हणजे फसवणूक असं नाही, पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आणि वेळखाऊ आहे. बोजा असेल तर आधी कर्ज फिटलं पाहिजे, मग बँकेने ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 दिला पाहिजे. त्यानंतर आरटीओत बोजा उतरतो आणि फॉर्म 29 व 30 भरून ट्रॅक्टर तुमच्या नावावर होतो. मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म 31 ने करून घ्यावा लागतो. ज्याची सही लागते तो माणूस आणि ज्याच्याशी तुम्ही फोनवर बोलताय तो माणूस वेगळा असेल, तर सौदा त्या सहीपाशी अडकतो.

"स्टॅम्पवर लिहून देतो", "नोटरी करून देऊ", "हप्ते तुम्ही पुढे भरा" ही वाक्यं दिसली तर जास्तच सावध व्हा. स्टॅम्प पेपरमुळे तुमच्या दोघांत व्यवहार झाल्याचा पुरावा होतो, पण मालकी आरसीवरच ठरते. हप्ते थकले तर फायनान्सवाले ट्रॅक्टर ज्याच्या दारात असेल तिथून ओढून नेतात. तुम्ही पैसे दिलेत की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

आता दुसरं वाक्य: "इंजिनचं काम नुकतंच केलं आहे." ऐकायला हा फायदा वाटतो. पण त्याच्याच शेजारी "1,850 तास" लिहिलंय, आणि हे दोन्ही एकत्र पटत नाही. वेळेवर ऑइल बदललेलं इंजिन इतक्या कमी तासांत खोलावं लागत नाही. खोललं असेल तर दोनच गोष्टी असू शकतात. एकतर तास खरे नाहीत, किंवा इंजिनवर काहीतरी वेळ आली होती: पाणी कमी पडून गरम झालं, ऑइलविना चाललं, किंवा एअर क्लीनर साफ न केल्यामुळे धूळ आत गेली आणि लायनर-रिंगा घासल्या. आपल्याकडे उन्हाळ्यात रोटाव्हेटरमागे किती धूळ उडते ते तुम्ही जाणताच. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल बदललं नाही तर ती धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते.

म्हणून फोनवर विचारा: काम म्हणजे नेमकं काय? फक्त हेड उतरवलं, की पिस्टन-लायनर बदलले, की क्रँकचंही काम झालं? कुणाकडे, कधी, बिल आहे का? ज्याने खरंच काम केलंय त्याला हे तोंडपाठ असतं, कारण त्याचा खिसा मोकळा झालेला असतो. "सगळंच केलंय, काही बघायला नको" असं उत्तर आलं तर काम झालंच नाही असं धरून चला.

"2018 मॉडेल" हे तर हमखास विचारायचं. ट्रॅक्टर कंपनीतून कधी निघाला आणि त्याची नोंदणी कधी झाली या दोन वेगळ्या तारखा असतात. आरसीवर दोन्ही असतात. बोलीभाषेत विकणारा यातली सोयीची सांगतो. भाव ठरवताना दोन्ही माहीत पाहिजेत.

*2) तासांचा हिशोब मांडा*

1,850 तास हा आकडा तसाच गिळू नका, वर्षांनी भागा. 2018 ते 2025 म्हणजे सात वर्षं. वर्षाला साधारण 265 तास झाले. बारा-पंधरा एकरवाल्या घरचा ट्रॅक्टर, जो भाड्याने जात नाही, तो वर्षाला इतका चालू शकतो. म्हणजे आकडा अशक्य नाही. "घरच्या शेतीसाठी" हे खरं असेल तर जुळतो.

आता दुसऱ्या बाजूने बघा. हाच ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असता तर? पाच महिने हंगाम, महिन्याला 25 दिवस, रोज 8 तास धरले तर एका हंगामात 1,000 तास होतात. म्हणजे 1,850 तास दोन हंगामांत पार होतात. सात वर्षांपैकी तीन-चार वर्षं जरी कारखान्याला गेला असेल, तर मीटरवरचा आकडा खोटा ठरतो.

मीटर खोटा पडायला कुणी मुद्दाम काही करावंच लागतं असं नाही. केबलवर चालणाऱ्या मीटरची केबल तुटली की आकडा तिथेच थांबतो आणि ट्रॅक्टर चालत राहतो. कधी डॅशबोर्डच बदललेला असतो. म्हणून तासांवर भांडण्यापेक्षा, ट्रॅक्टरने घरचं काम केलंय की रस्त्यावरचं, हे फोटोंत शोधा.

*3) फोटो मोठा करून बघा*

फोटो सेव्ह करा आणि दोन बोटांनी मोठा करत एकेक भाग बघा. एकूण चकाकीकडे लक्ष देऊ नका, खालच्या चार जागा बघा.

*मागचा हुक.* मागून काढलेल्या फोटोत ट्रॉलीची पिन जिथे बसते ते भोक बघा. घरच्या ट्रॅक्टरलाही ट्रॉली लागतेच, पण उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या वर्षानुवर्षं ओढल्या की भोक गोल न राहता लांबट होतं. हुकावर, त्याच्या पट्ट्यांवर वेल्डिंगचे थर दिसतात, वरून जादा पट्टी मारलेली असते. समोर बंपरवर जास्तीचं वजन बसवलेलं असेल तर तोही त्याच कामाचा इशारा आहे, कारण भरल्या ट्रॉल्यांनी पुढचा भाग उचलू नये म्हणून ते लावतात.

*टायर.* शेतात आणि डांबरावर टायर वेगवेगळे झिजतात. डांबरावर जास्त हवा भरून पळवलेल्या टायरची नक्षी मधोमध जास्त झिजते आणि कडेला उंच राहते. आपल्या नमुन्यात एकाच टायरचा फोटो आहे, तोही चांगला. मग दुसरा का नाही? नक्षी उंच आणि काळीभोर, पण बाजूची भिंत मात्र करडी, बारीक भेगांची, अक्षरं पुसट असं दिसलं तर तो टायर रिमोल्ड, म्हणजे वरून रबर चढवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो चालतो, पण "80 टक्के" म्हणून नव्याच्या हिशोबात त्याची किंमत धरू नका.

बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का दिसला तर वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. समजा 1423 दिसलं, तर टायर 2023 च्या चौदाव्या आठवड्यातला. 2018 च्या ट्रॅक्टरला 2023 चा टायर म्हणजे कंपनीचा टायर पाच वर्षांत संपला. घरच्या शेतीत वर्षाला 265 तास चाललेल्या ट्रॅक्टरचे मागचे टायर इतक्या लवकर संपत नाहीत. इथे तासांचा हिशोब परत डळमळतो. टायर अपघाताने फाटूही शकतो, म्हणून विचारायचं, आरोप करायचा नाही.

*रंग.* रंगवलेला ट्रॅक्टर वाईटच असतो असं नाही. पण रंग कुठे कुठे उडालाय ते बघा. हायड्रॉलिकच्या रबरी पाइपवर, वायरींवर, टायरच्या कडेला, नटबोल्टच्या खाचांत रंग दिसला तर घाईघाईने फवारा मारलाय. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या सांध्याचा खालचा भाग खास बघा. तिथे ऑइल झिरपत असेल तर धूळ चिकटून काळा ओघळ दिसतो. सगळा ट्रॅक्टर धुळीचा आणि तेवढाच भाग ताजा रंगवलेला, धुतलेला असेल तर तिथेच काहीतरी लपवायचं असतं. धुऊन ओला असताना काढलेला फोटोही फसवा असतो, कारण ओला रंग नेहमी चमकतो.

*पायाखालची जागा.* क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघा. 1,850 तासांत रबरावरच्या रेषा शिल्लक राहतात. रबर गुळगुळीत होऊन लोखंड चमकत असेल तर पायाने जास्त काम केलंय. पेडल जुने आणि त्यावरची रबरं मात्र कोरी, असंही दिसतं. तेव्हा स्टिअरिंगचं रेक्झिन, गिअरच्या दांड्याची मूठ आणि सीटची शिवण बघा. हे सगळं बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटी फोटोंची पार्श्वभूमी. "घरचा ट्रॅक्टर" आणि मागे रांगेत आणखी चार ट्रॅक्टर उभे असतील तर विकणारा दलाल आहे. दलालाकडून घेणं चूक नाही, पण तो "मी सात वर्षं वापरलाय" म्हणत असेल तर पुढचं सगळंच तपासून घ्यावं लागेल. मे महिन्यातल्या जाहिरातीत मागे हिरवंगार गवत आणि चिखल दिसत असेल तर फोटो पावसाळ्यातले आहेत, आजची स्थिती वेगळी असू शकते. एका फोटोत मोबाईलची बॅटरी आणि वेळ वरच्या कडेला दिसत असेल तर तो दुसऱ्याच जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे. तो फोटो Google Lens मध्ये टाकून बघा, मूळ जाहिरात दुसऱ्या गावाची, दुसऱ्या भावाची निघू शकते.

*4) जे दाखवलंच नाही त्याची यादी करा*

नमुन्यातल्या जाहिरातीत इंजिनची डावी बाजू कुठेच नाही. डॅशबोर्डचा फोटो आहे, पण लांबून, तासांचा आकडा वाचता येत नाही. दुसरा मागचा टायर, हायड्रॉलिकच्या लिंका, पीटीओ यांचे फोटो नाहीत. चालू इंजिनचा व्हिडिओ नाही. मालक कितवा आहे ते लिहिलेलं नाही. नंबर झाकलाय.

नंबर झाकण्यात वावगं नाही. बरेच चांगले लोकही सावधगिरी म्हणून झाकतात. खरी परीक्षा पुढे आहे: फोनवर मागितल्यावर देतो का? ज्याला विकायचंय आणि ज्याचे कागद सरळ आहेत त्याला नंबर द्यायला अडचण नसते.

हा मेसेज कॉपी करून पाठवता येईल:

*"राम राम दादा, तुमची ट्रॅक्टरची जाहिरात बघितली. आम्ही लांबून येणार आहोत म्हणून आधी एवढं पाठवा: गाडी नंबर, आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो, तासांचा आकडा जवळून, डावीकडून इंजिनचा फोटो, दोन्ही मागचे टायर. आणि सकाळी पहिल्यांदा चालू करतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ, त्यात धुराडं दिसू द्या. तुमच्या नावावर आहे का, बोजा आहे का, तेवढं सांगा."*

सकाळचा व्हिडिओ मुद्दाम मागायचा. इंजिन आधी गरम करून ठेवलं की दमलेलं इंजिनही एका सेल्फमध्ये सुरू होतं. गार इंजिन किती वेळ सेल्फ खातं आणि सुरू झाल्यावर धूर कसा येतो ते महत्त्वाचं. सुरुवातीला थोडा धूर चालतो. निळसर धूर मिनिटभरानंतरही तसाच राहिला तर ऑइल जळतंय.

*5) नंबर मिळाला की आधी कागद*

mParivahan ॲपमध्ये किंवा परिवहन विभागाच्या वेबसाइटवर गाडी नंबर टाकला की नोंदणीची माहिती निघते. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, काही अक्षरं झाकलेली असतात, पण विकणाऱ्याच्या नावाशी पहिली अक्षरं जुळतात का एवढं कळतं. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, फायनान्स आहे का, हे बघा. आणि वाहनाचा प्रकार वाचा: Agricultural Tractor आहे की Tractor (Commercial). दुसरं असेल तर "फक्त घरच्या शेतीसाठी" हा विषयच संपला.

समजा आपल्या नमुन्याच्या ट्रॅक्टरचं असं निघालं: नोंदणी ऑक्टोबर 2018, प्रकार Agricultural Tractor, मालक तिसरा, फायनान्स आहे, विमा 2021 मध्ये संपलेला. आता सगळं एकत्र ठेवा. नोंदणीचं वर्ष खरं निघालं. पण सात वर्षांत तीन मालक म्हणजे सात वर्षं घरचीच शेती केली हे आताचा मालक कसं सांगणार? आधीच्या दोघांनी काय केलं ते त्यालाही नक्की माहीत नसणार. त्यात हुकाचं भोक लांबट, टायर बदललेले, इंजिन खोललेलं. तास 1,850 नाहीत, कितीतरी जास्त आहेत असं धरूनच बोलायचं. आणि बोजा अजून उतरलेला नाही, म्हणून "पेपर होतील".

मग काय करायचं? आजची फेरी रद्द. त्यांना सांगा, बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 हातात आला की कळवा, तेव्हा मेकॅनिक घेऊन येतो. आणि भाव घरच्या ट्रॅक्टरचा नाही, ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचा बोलू. ऊस ओढलेला ट्रॅक्टर घेऊच नये असं आमचं म्हणणं नाही. क्लच, पुढचा एक्सल, ब्रेक आणि हुक यांच्या दुरुस्तीचा खर्च मेकॅनिककडून लिहून घेऊन किमतीतून वजा केला, तर तोही सौदा चांगला ठरू शकतो. फक्त घरच्या ट्रॅक्टरचे पैसे देऊन तो घेऊ नये.

*6) पैशाचं एकच*

ट्रॅक्टर बघण्याआधी टोकन पाठवायचं नाही, पाचशे रुपयेसुद्धा नाही. "मी फौजी आहे, बदली झालीय, ट्रॅक्टर ट्रकने घरपोच पाठवतो, आधी वाहतुकीचे पैसे टाका" ही हकीकत ऐकली की फोन ठेवा. भाव बाजारापेक्षा लाख-दीड लाखाने कमी असला की बहुतेक हीच गोष्ट मागून येते. कुणी क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे तुम्हाला येतील" म्हणालं तर लक्षात ठेवा: यूपीआयचा पिन पैसे *पाठवायला* लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके ते पैसे पुढे सरकतात.

*फोटोतून काय कळत नाही*

गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, हायड्रॉलिक भार धरून ठेवतं का, स्टिअरिंगला किती ढिलाई आहे, चासी नंबर आरसीशी जुळतो का, हे जाग्यावर जाऊनच कळतं. जाहिरात नीट वाचल्याने ट्रॅक्टर चांगला आहे हे सिद्ध होत नाही. कुठे जायचं नाही एवढं मात्र कळतं. सहा जाहिरातींतून दोन उरल्या तर त्या दोन ठिकाणी मेकॅनिकला घेऊन निवांत, पूर्ण दिवस काढून जाता येतं, आणि शेतात नांगर जोडून चालवून बघता येतो.

जाहिरातीचे फोटो कळले नाहीत तर कंपनीच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवा, गाडी नंबर मिळाला असेल तर तोही द्या. सोमवार ते शुक्रवार दुपारी 3 ते 5 मध्ये बघून कळवतो.

— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी